अठ्ठेचाळिसावा डबा

माझ्या चुलत वहिनी पुण्यात सदाशिव पेठेत दुपारचे डबे देतात. एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला तळमजल्यावरची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली आहे. तिथे दोन शेगड्यांची भट्टी, एक मोठा ओटा, पोळ्यांसाठी वेगळा तवा आणि भिंतीला लावलेली डब्यांची मांडणी, एवढाच सगळा पसारा आहे. गिऱ्हाईक बहुतेक अभ्यासिकांमध्ये बसणारी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली आणि थोडे एकटे राहणारे नोकरदार. डब्यात चार पोळ्या, एक भाजी, आमटी किंवा वरण, भात आणि कोशिंबीर असते. रविवारी सुट्टी. महिन्याच्या २६ डब्यांचे १,८२० रुपये, म्हणजे एक डबा ७० रुपयांना पडतो.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी मला वही घेऊन बसवले. मी हिशेबनीस आहे, आणि घरात हिशेबनीस असला की नातेवाइकांच्या वह्या त्याच्या वाट्याला येतातच. त्या म्हणाल्या, "भाऊजी, महिन्याला नव्वद हजारांच्या वर जमा होतात आणि अखेरीला पर्समध्ये हजार-दोन हजार राहतात. कोणी उचलतंय का, ते एकदा बघा." मदतीला येणाऱ्या बाईंवर त्यांचा संशय नव्हता, पण दुसरे कारण सापडेना, म्हणून तोही मनात येऊन गेला होता. मी दोन महिन्यांची वही चाळली. चोरी नव्हती. रोज सरासरी ५२ डबे जात होते, आणि त्या खोलीचा खर्च भागायलाच त्यांतले ४८ डबे लागत होते.

हा ४८ चा आकडा काढायला कागदावर दोनच रकाने लागतात. पहिल्यात एकही डबा गेला नाही तरी द्यावा लागणारा खर्च, म्हणजे स्थिर खर्च. खोलीचे भाडे १२,००० रुपये, मदतीच्या बाईंचा पगार ९,०००, डबे पोहोचवणाऱ्या मुलाचा ७,०००, वीज आणि पाणी १,५००, आणि डब्या-भांड्यांची झीज, फोन, अन्न परवाना असे किरकोळ मिळून १,५००. एकूण ३१,००० रुपये. घरमालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम वहिनींनी खर्चात धरली होती ती मी काढली, कारण ती परत मिळणारी आहे. भांड्यांची झीज त्यांनी धरलीच नव्हती, ती घातली, कारण पोचे गेलेले डबे दर दोन-तीन वर्षांनी बदलावेच लागतात आणि त्या महिन्यात एकदम हजारो रुपये जातात.

दुसऱ्या रकान्यात एक डबा वाढला की वाढणारा आणि कमी झाला की वाचणारा खर्च येतो. यात शिधा आहे, पोळ्यांची मजुरी आहे, गॅस आहे, पेट्रोल आहे. पोळ्या करणाऱ्या बाई पगारावर नाहीत, त्या नगावर आहेत: पोळीला दोन रुपये, म्हणजे डब्याला आठ. एकाच खोलीत काम करणाऱ्या दोन बायांपैकी एकीचा पैसा पहिल्या रकान्यात आणि दुसरीचा दुसऱ्यात जातो, हे वहिनींना चमत्कारिक वाटले. पण उद्या निम्मेच डबे गेले तर पोळ्यांची मजुरी निम्मी होते आणि मदतीच्या बाईंचा पगार तसाच राहतो. खर्च कशावर झाला यापेक्षा तो कशाने हलतो, एवढेच इथे बघायचे असते. गॅस दोन्हींच्या मधला आहे, कारण भट्टी पेटवली की पहिल्या दहा डब्यांनाच बराचसा जळतो. तरी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आम्हाला १,८०० रुपयांच्या आसपास पडत होता आणि त्यात साधारण ४५० डबे निघत होते, म्हणून डब्यामागे चार रुपये धरून मी पुढे गेलो.

शिध्याचा आकडा मात्र मी पहिल्यांदा चुकवला, आणि चूक शिकण्यासारखी होती. वहिनींना प्रमाण तोंडपाठ आहे. चार पोळ्यांना साधारण सव्वाशे ग्रॅम कणीक, दीडशे ग्रॅम आणलेली भाजी, तीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम तांदूळ. बाजारभावाने कणकेचे पाच रुपये, भाजीचे नऊ, डाळीचे चार, तांदळाचे तीन, आणि तेल, मसाला, कोशिंबीर मिळून सहा, असे २७ रुपये झाले. त्यात मजुरीचे आठ, गॅसचे चार आणि पेट्रोलचा एक मिळवून डबा ४० रुपयांना पडला. म्हणजे सत्तरातून तीस रुपये हाती राहणार, एकतीस हजारांना तिसाने भागले की १,०३४ डबे, दिवसाला ४०. या हिशेबाने बावन्न डब्यांवर महिन्याला नऊ हजारांहून जास्त उरायला हवे होते. ते उरत नव्हते म्हणून तर मला बोलावले होते.

मग आम्ही प्रमाण बाजूला ठेवून शिल्लक मोजायची ठरवली. महिन्याच्या पहिल्या सकाळी वहिनी आणि मी ताणकाटा घेऊन बसलो आणि पिठाचा डबा, तांदळाची गोणी, तेलाचा पिंप, डाळी, गुळाची अर्धी ढेप, अगदी हिंगाच्या डबीपर्यंत सगळ्याची किंमत लिहून काढली. ६,२०० रुपयांचा माल होता. महिनाभर किराणा आणि मंडईची एकूण एक चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवली. ती भरली ४४,८०० ची. अखेरीला पुन्हा मोजले तेव्हा ७,८०० चा माल शिल्लक होता. सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा शेवटचा माल, म्हणजे त्या महिन्यात ४३,२०० रुपयांचा शिधा खरोखर चुलीवर चढला होता, आणि पैसे मिळालेले डबे होते १,३५०. भागाकार ३२ रुपये आला. प्रमाणाने २७ आणि प्रत्यक्षात ३२.

हे पाच रुपये कुठे जातात ते नंतर आठवडाभर स्वयंपाकघरात बसून पाहिले तर सहज दिसले. कमी पडू नये म्हणून रोज साठ डब्यांचा भात लागतो. पहिल्या घाण्यातल्या दोन-तीन पोळ्या करपतात. दोन्ही बाया आणि डबेवाला मुलगा तिथेच जेवतात, आणि ते योग्यच आहे, पण ते जेवण कोणाच्याच डब्यात धरलेले नव्हते. कोबीचा वरचा पाला, फ्लॉवरचे दांडे, पालकाच्या जुडीतला चिखल, हे सगळे तराजूवर भाजीच्याच भावाने येते. कागदावरचे प्रमाण हे सगळे सुरळीत झाले तर किती लागेल ते सांगते, आणि ना नफा ना तोटा काढायला जे लागले तेच घ्यावे लागते. आता डबा पडला ४५ रुपयांना, हाती राहिले २५. एकतीस हजार भागिले पंचवीस, १,२४० डबे; सव्वीस दिवसांत रोजचे ४८. रुपयांत सांगायचे तर महिन्याला ८६,८०० ची विक्री. वहिनींची विक्री ९४,५०० ची होती, म्हणजे वरचे ११० डबे त्यांचे, त्यांचे २,७५० रुपये. पर्समधल्या हजार-दोन हजारांशी हे जवळपास जुळत होते.

वहिनींना अठ्ठेचाळीस या आकड्याचे काही वाटले नाही. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने दाखवली तेव्हा त्या गप्प झाल्या. बावन्न डबे, प्रत्येकी पंचवीस, म्हणजे दिवसाला १,३०० रुपये सुटतात. एकतीस हजार फिटायला चोवीस दिवस लागतात. कामाच्या चोविसाव्या दिवशी मी पेन्सिलीने एक टिंब दिले आणि म्हटले, इथपर्यंत तुम्ही घरमालकाच्या, बायांच्या आणि मुलाच्या पैशांसाठी राबता. तुमचे स्वतःचे दिवस हे पुढचे दोन. पहाटे पाचला भाजी चिरायला घेणाऱ्या बाईला हे सांगणे सोपे नव्हते.

यानंतर आम्ही खाड्यांकडे वळलो, कारण वहीत नावे होती ६१ आणि डबे जात होते ५२. मेसच्या धंद्यात जेवण न घेतलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात. कोणी गावी जातो, कोणाची परीक्षा असते, कोणाला त्या दिवशी बिर्याणी खायची असते. आदल्या रात्री कळवलेल्या खाड्यात सत्तर रुपये जातात पण शिधा, मजुरी वगैरेचे पंचेचाळीस वाचतात, म्हणजे नुकसान पंचवीसचे. सकाळी अकराला, डबा भरून झाल्यावर फोन आला आणि तरीही सत्तर वजा केले, तर वाचतो फक्त पेट्रोलचा एक रुपया. वहिनी दोन्ही सारखेच वजा करत होत्या. "मुलगा आजारी होता हो, त्याच्याकडून कसे घ्यायचे?" असे त्यांचे म्हणणे. आजाऱ्याचे घेऊ नका, पण रात्री नऊनंतर कळवलेला खाडा धरला जाणार नाही अशी पाटी लावा, एवढे त्यांनी मान्य केले. आणि आम्ही दोघांनी हेही लिहून ठेवले की ४८ डबे जायचे तर वहीत ५७ नावे हवीत. बाहेर कोणी विचारले की वहिनी अजूनही "साठ मेंबर आहेत" असे सांगतात. हिशेबाला मेंबर चालत नाहीत, पैसे मिळालेले डबेच लागतात.

तोवर माझा समज असा होता की धंदा थोडा का होईना, नफ्यात आहे. तो समज वर्षाचा हिशेब मांडताना गेला. भाडे बारा महिन्यांचे असते, पोरे बारा महिने नसतात. दिवाळीत आठ-दहा दिवस पेठ रिकामी होते, मे महिन्यात निम्मी मुले गावी जातात, मोठ्या परीक्षेनंतरचा आठवडाही पडेल जातो. मागच्या वहीवरून आम्ही पाहिले तर वर्षाच्या ३१२ कामाच्या दिवसांपैकी पूर्ण विक्रीच्या तोलाचे दिवस २८० च्या आसपास भरत होते. वर्षाचा स्थिर खर्च ३,७२,००० रुपये. त्याला पंचवीसने भागले की १४,८८० डबे, आणि ते २८० दिवसांत वाटले की रोजचे ५४. म्हणजे चांगल्या महिन्यात अठ्ठेचाळिसाच्या वर असणारे बावन्न डबे वर्षाच्या हिशेबात चोपन्नाच्या खाली होते. वर्षाला ३२० डबे कमी पडत होते, आठ हजार रुपयांची तूट. चांगल्या महिन्यांतले अडीच-पावणेतीन हजार मे महिन्यात आणि दिवाळीत मागच्या दाराने निघून जात होते, आणि वहिनी समजत होत्या की सणाला खर्च जास्त होतो.

अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आला होता आणि मालकाने दहा टक्के वाढ मागितली होती. वहिनींची झोप त्यानेच उडाली होती. मी बाराशे रुपयांना पंचवीसने भागून दाखवले: महिन्याला ४८ डबे, दिवसाला दोनसुद्धा नाहीत. या वाढीसाठी घासाघीस जरूर करा, पण धंदा त्याने बुडणार नाही. भाजीचे तसे नाही. पितृपक्षात गवार-भेंडीचे भाव चढतात, आणि २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली होती हे कोणत्याही डबेवालीला विसरता येणार नाही. समजा भाजी-कांदा-टोमॅटो मिळून डब्यामागे फक्त चार रुपये वाढले. पंचवीसचे एकवीस झाले, की ४८ चे ५७ होतात. भाडे सगळ्या डब्यांत वाटले जाते. भाजीची वाढ मात्र प्रत्येक डब्यातून उरणाऱ्या तुटपुंज्या रकमेवरच येते, आणि ती रक्कम मुळातच लहान असल्यामुळे तिथला एक रुपयाही मोठा असतो. त्यावर वहिनींचा उपाय त्यांच्याच अनुभवातला होता. मार्केट यार्डात भाव चढला की त्या दिवशी मटकीची उसळ किंवा पिठले. मटकी भिजून मोड आले की फुगते, आणि चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीत एका डब्याची उसळ पाच-सहा रुपयांत होते. आठवड्यातून दोनदा पिठले चालते. तिसऱ्यांदा केले तर मुले खाडे टाकू लागतात, हेही त्यांनीच सांगितले.

मग साहजिकच प्रश्न आला की डबे वाढवावेत का. इथे साधा भागाकार फसवतो. मुलगा दुचाकीवर साडेअकरा ते एक या वेळात साठ डबे पोहोचवू शकतो. एकसष्टावा डबा घेतला की दुसरा मुलगा ठेवावा लागतो, आणखी ७,००० रुपये. साठ डब्यांवर महिन्याला १,५६० डबे, त्यांचे ३९,००० सुटतात, खर्च जाऊन ८,००० उरतात. एकसष्ट डब्यांवर ३९,६५० सुटतात आणि खर्च होतो ३८,०००, उरतात १,६५०. पुन्हा आठ हजारांवर यायला ७१ डबे लागतात. एकसष्ट ते सत्तर ही त्या खोलीतली दलदल आहे. वहिनी मधूनमधून तिथेच जाऊन अडकत असत. नवी सात-आठ मुले आली की त्या खूश होत आणि दुसरा मुलगा ठेवत, महिन्याने मुले गळत, आणि मुलाला काढायला जीव होत नसे. आता साठाच्या पुढचे नाव त्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतात आणि जागा झाली की फोन करतात.

एवढे सगळे झाले तरी पहिल्या रकान्यात एक ओळ नव्हतीच: वहिनींची स्वतःची मेहनत. पहाटे पाच ते दुपारी दोन. मी विचारले, हेच काम दुसऱ्याच्या खोलीत केले असते तर किती मागितले असते? बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "पंधरा तरी." मी पंधरा हजार लिहिले. वर्षाचे ५,५२,००० झाले. साठ डबे, २८० दिवस, म्हणजे १६,८०० डब्यांतून हे यायचे तर प्रत्येक डब्यातून ३३ रुपये सुटले पाहिजेत. पंचेचाळीस आणि तेहेतीस, अठ्ठ्याहत्तर. सत्तर रुपये डब्याने साठ डबे विकून पंधरा हजार कधीच सुटणार नव्हते. कष्टात कमी नव्हती, भावात होती.

जूनमध्ये नवी मुले येण्याच्या सुमारास त्यांनी भाव वाढवला. अठ्ठ्याहत्तरच्या हिशेबाने महिन्याचे २,०२८ होतात, पण वहिनींनी २,००० ठेवले, कारण त्यांच्या मते दोन हजारांच्या वरचा आकडा ऐकला की मुलगा "विचार करून सांगतो" म्हणतो आणि परत येत नाही. माझा याला विरोध होता. बाजाराची जाण त्यांची, हिशेब माझा, म्हणून मी गप्प बसलो. काही मुले गेली, काही नवी आली, आणि डबे ५६ वर स्थिरावले. डब्यामागे आता जवळजवळ ३२ रुपये सुटतात, वर्षाकाठी हिशेब केला तर वहिनींना महिना साडेदहा हजारांच्या आसपास पडतात. पंधरा नाहीत. पण कॅलेंडरवरचे टिंब चोविसाव्या दिवसावरून अठराव्या दिवसावर आले आहे, आणि दर महिन्याला पान उलटले की त्या आधी ते टिंब देतात, मग एकादशी-चतुर्थीला खूण करतात, कारण त्या दिवशी उपासाचे डबे वेगळे असतात.

यंदा मे महिन्याचे पान उलटल्यावर त्यांनी मला फोन केला. डबे अठ्ठावीसवर आले होते. दिवसाला नऊशेसुद्धा सुटत नव्हते, आणि एकतीस हजारांसाठी कामाचे पस्तीस दिवस लागणार होते. मेच्या पानावर टिंबाला जागाच नव्हती. मी सांगितले की जूनच्या सुरुवातीलाही अठ्ठावीसच डबे धरा आणि ते जूनच्या नवव्या दिवसावर द्या. "मग जूनचे टिंब कुठे देऊ?" त्यांनी विचारले. म्हटले, तिथून पुढे अठरा मोजा. पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. ते टिंब जुलैच्या पहिल्या दिवसावर पडले.